चाळीस पानांचा श्वसनपाठ एका पानावर

अकरावीच्या जीवशास्त्रातील पेशीय श्वसनाच्या नोट्स फुगतात त्या मुख्यतः पुनरुक्तीने. तासिकेच्या सुरुवातीला मागचा भाग पुन्हा सांगितला जातो आणि तोही वहीत उतरतो. त्यामुळे चाळीस पानांतला नवा मजकूर बराच कमी असतो. घटक चाचणीसाठी त्याचे एक पान करताना नोट्स आधी सलग वाचाव्यात आणि पुन्हा आलेल्या मजकुरावर पेन्सिलने रेघ मारावी. या वाचनात काहीही उतरवून घ्यायचे नाही. तो मोह झाला की चाळीस पानांची बारीक अक्षरातली दहा पाने तेवढी होतात.

उरलेला मजकूर एका तक्त्यात बसतो. ग्लायकोलिसिस, जोड अभिक्रिया, क्रेब्ज चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी या चार ओळी. प्रत्येकीपुढे तीनच प्रश्न: कुठे घडते, आत काय जाते, बाहेर काय पडते? ग्लायकोलिसिस पेशीद्रवात घडते. तिथे सहा कार्बनच्या ग्लुकोजपासून पायरुव्हेटचे दोन रेणू होतात आणि निव्वळ 2 एटीपी व 2 एनएडीएच मिळतात. 'निव्वळ' हा शब्द गाळू नये, कारण तयार 4 होतात आणि 2 आधीच खर्ची पडलेले असतात.

खरी गफलत पुढच्या दोन ओळींत होते. क्रेब्ज चक्राच्या एका फेरीत 3 एनएडीएच, 1 एफएडीएच₂ आणि 1 एटीपी मिळतात. पण एका ग्लुकोजमागे फेऱ्या दोन होतात. नोट्समध्ये हा हिशेब कधी एका फेरीचा असतो, कधी पूर्ण ग्लुकोजचा. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर 'एका ग्लुकोजमागे' असे लिहून सगळे आकडे त्याच मापात आणावेत. पडताळा कार्बनचा घ्यावा: जोड अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइडचे 2 रेणू, चक्रातून 4, एकूण सहा. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी दुप्पट करायचे राहिले आहे.

एकूण एटीपी मात्र वहीत एका पानावर 38, दुसऱ्यावर 36 आणि तिसऱ्यावर 32 असे सापडू शकतात. जुन्या हिशेबात एका एनएडीएचमागे 3 आणि एफएडीएच₂मागे 2 एटीपी धरतात. 10 एनएडीएचचे 30, 2 एफएडीएच₂चे 4 आणि थेट मिळालेले 4 मिळून 38 होतात. पेशीद्रवातले 2 एनएडीएच तंतुकणिकेत पोचवताना काही पेशींत 2 एटीपीची घट येते, ते 36. नव्या मापनानुसार अनुक्रमे 2.5 आणि 1.5 धरले की 32 येतात. पानावर पाठ्यपुस्तकातला आकडा ठेवावा, पण शेजारी ही बेरीज हवीच. नुसता आकडा परीक्षेत डगमगतो.

पान झाले की ते उलटे ठेवून कोऱ्या कागदावर तक्ता काढावा. जो रकाना रिकामा राहतो, तेवढाच भाग मूळ वहीत पुन्हा वाचायचा. तंतुकणिकेची नामनिर्देशित आकृती या पानात कोंबू नये. तिचा सराव वेगळ्या कागदावर करावा.