दर सगळ्यांचेच, व्हिडिओ कोणाचा?

दुपार झाली की महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी यूट्यूबवर ‘आजचे कांदा बाजारभाव’ शोधतात. समोर येणारे बरेचसे व्हिडिओ एकाच साच्यातले असतात. थंबनेलवर कांद्याचा ढीग आणि लाल अक्षरात आकडा, आत पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचा तक्ता, आणि मागून एक आवाज वाचत जातो: लासलगाव, आवक इतके क्विंटल, कमीत कमी दर इतका, जास्तीत जास्त इतका, सर्वसाधारण इतका. मग पिंपळगाव बसवंत, मग सोलापूर.

समजा, निफाड तालुक्यातल्या एका तरुणाने असे चॅनल सुरू केले. रोज एक व्हिडिओ, एकही खाडा नाही. माहिती खरी आणि उपयोगाचीही. अधूनमधून दुसऱ्या कोणीतरी चित्रित केलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली लिलावाची क्लिपही तो जोडतो. वर्षभरात १,००० सबस्क्रायबर झाले, ४,००० तासांचा वॉच टाइम भरला आणि जाहिरातींच्या उत्पन्नासाठी त्याने अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. त्याचा पहिला प्रश्न असतो: “मला तर एकही कॉपीराइट स्ट्राइक नाही, मग अडलं कुठे?”

हा तरुण काल्पनिक आहे, पण त्याचा गैरसमज मात्र सर्रास आढळतो. कॉपीराइट हा मूळ मालक आणि वापरणारा यांच्यातला मामला. मालकाची तक्रार नसेल, त्याने लेखी परवानगी दिली असेल, तरी मोनेटायझेशन नाकारले जाऊ शकते, आणि यूट्यूबचे धोरण तसे स्पष्ट सांगते. इथे तपासणारा निराळेच काही पाहत असतो. या व्हिडिओत चॅनलवाल्याने स्वतः काय केले? आणि कालच्या व्हिडिओपेक्षा आजच्यात नवे काय?

या दोन प्रश्नांची दोन वेगळी कलमे आहेत. Reused content म्हणजे दुसऱ्याचे साहित्य स्वतःची ठोस भर न घालता वापरणे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली लिलावाची क्लिप इथे अडकते. मालिकांमधले प्रसंग जोडून केलेले व्हिडिओ, वेगवेगळ्या गायकांच्या गाण्यांचे संकलन, तोंडातून शब्द न काढता नुसते हावभाव दाखवणारे रिअ‍ॅक्शन व्हिडिओ हेही त्याच कलमात येतात. दुसरे कलम Inauthentic content. १५ जुलै २०२५ पर्यंत त्याचे नाव ‘रिपिटिशस’, म्हणजे तेच-ते असलेले साहित्य, असे होते. नाव बदलले तेव्हा बरीच घबराट पसरली. ‘आता सगळ्यांचे पैसे बंद’ असे सांगणारे व्हिडिओ धडाधड आले. प्रत्यक्षात साच्यातून काढलेल्या घाऊक व्हिडिओंना आधीपासूनच उत्पन्न नाकारले जात होते, आणि तसा खुलासा यूट्यूबने त्याच वेळी केला. संकेतस्थळावरचा मजकूर नुसता वाचून दाखवणे आणि एकाच साच्यात रोज आकडे बदलणे ही या कलमाची सरळ उदाहरणे. आपल्या तरुणाचे बहुतेक व्हिडिओ नेमके तसेच आहेत.

तपासणारे सगळे व्हिडिओ बघत नाहीत. चॅनलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले व्हिडिओ, अगदी नवे व्हिडिओ, ज्यांच्यातून सर्वाधिक वॉच टाइम मिळाला ते व्हिडिओ, शिवाय शीर्षके, थंबनेल, वर्णन आणि चॅनलची ओळख यांवर त्यांची नजर जाते. निर्णय मात्र अख्ख्या चॅनलबद्दल होतो. त्यामुळे शंभरातले पाच व्हिडिओ उत्तम असून भागत नाही.

मग या तरुणाने करायचे काय? दर वाचणे सोडण्याची गरज नाही. दर सगळ्यांचेच आहेत. त्यांच्यामागचे कारण मात्र तोच दाखवू शकतो, कारण लासलगावची बाजार समिती त्याला जवळ आहे.

मानू या, तक्त्यात एका दिवसाचे दर आहेत: कमीत कमी ६००, जास्तीत जास्त १,८००, सर्वसाधारण १,३०० रुपये क्विंटल. तक्ता वाचणाऱ्या दहा चॅनलांवर हेच तीन आकडे असतील. हा तरुण मोबाइल घेऊन लिलावाच्या रांगेत उभा राहतो. व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलतो, मान दाबून पाहतो, वरची पत्ती सुटली आहे का, मोड आले आहेत का हे बघतो आणि बोली सुरू होते. एकाच रांगेत एक ट्रॉली १,७०० ला जाते आणि मागची ९०० ला. तो दोन्ही ट्रॉल्यांतला कांदा शेजारी ठेवून दाखवतो. एकात एकसारखा, वाळलेला माल. दुसऱ्यात गोलटी मिसळलेली आणि काही कांदे भिजलेले. कमी-जास्त दरांत एवढी दरी का, हे आता दिसते.

पुढे तो हिशेब मांडतो. ट्रॉलीत २५ क्विंटल कांदा आणि भाव १,३०० धरला, तर ३२,५०० रुपये होतात. गावापासूनचे भाडे २,५०० रुपये असेल, तर भाड्यातच क्विंटलमागे १०० रुपये गेले, हमाली-तोलाई वेगळी. जवळच्या समितीत ५० रुपये कमी मिळत असतील आणि भाडे निम्मे लागत असेल, तर लासलगावला येऊन क्विंटलमागे काहीच हाती लागत नाही. शेतकऱ्याला खरे हवे असते ते हे उत्तर. तपासणाऱ्यालाही त्यात चॅनलवाल्याचे चित्रीकरण, निरीक्षण आणि विवेचन दिसते. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलतो: आवक एकदम का घटली? रोजची सुरुवात आणि शेवट सारखाच ठेवला तरी चालते, मधला ऐवज वेगळा असला की पुरे. चेहरा दाखवण्याचीही सक्ती नाही.

चुकीचा उपायही सांगितला पाहिजे, कारण तो फार केला जातो. दुसऱ्याची क्लिप उलटी फिरवणे, तिचा वेग वाढवणे, चौकट लावणे, मागे संगीत घालणे. अशाने यंत्राची ओळख एखाद वेळी चुकेल, पण बघणाऱ्या माणसाला नवे काहीच मिळत नाही.

नामंजुरीनंतर दोन वाटा असतात. निर्णय चुकला असे वाटत असेल, तर २१ दिवसांत अपील. चॅनलमध्येच दोष असेल, तर तो दुरुस्त करून पुन्हा अर्ज. पहिल्या नकारानंतर त्यासाठी ३० दिवस थांबावे लागते. जुने व्हिडिओ काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काढलेल्या किंवा खाजगी केलेल्या व्हिडिओंचे तास ४,००० मध्ये धरले जात नाहीत. सगळे एकदम पुसले तर पात्रताच जाते. म्हणून आधी नवे व्हिडिओ वाढवावेत आणि साच्यातले टप्प्याटप्प्याने कमी करावेत.

व्हिडिओने अपील करायचे असेल, तर तो पाच मिनिटांच्या आत बसवावा लागतो आणि पहिल्या तीस सेकंदांत चॅनलची यूआरएल दाखवावी लागते. तिथे आपले कष्ट किंवा घरची परिस्थिती सांगण्यात वेळ घालवू नये. या तरुणाने दाखवावे ते असे: पहाटे समितीच्या आवारात घेतलेले मूळ चित्रीकरण, ट्रॉलीनिहाय भाव टिपलेली वही, त्या वहीवरून लिहिलेली संहिता, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेला प्रकल्प, आणि तक्त्यातला आकडा नेमका कुठे संपतो व त्याचे स्वतःचे विवेचन कुठे सुरू होते ती जागा.