अडीच कपाटे आणि एक जास्तीची अट

लाकडी सामान बनवणारा एक छोटा कारखाना डोळ्यांपुढे आणू. तिथे दोनच वस्तू होतात, कपाट आणि पलंग. कपाटाला प्लायवुडच्या 3 शीट लागतात, पलंगाला 2. शिल्लक आहेत 12 शीट. नक्षीकामाचा कारागीर एकच. कपाटाच्या दारांवर त्याचा 1 दिवस जातो, पलंगाच्या उशाकडच्या फळीवर 2, आणि त्याच्याकडे 7 दिवस मोकळे आहेत. कपाटामागे 5 हजार रुपये सुटतात, पलंगामागे 4 हजार. मग किती कपाटे करायची आणि किती पलंग?

कपाटांची संख्या x आणि पलंगांची y मानली, तर गणित दोन ओळींत मावते:

3x + 2y ≤ 12
x + 2y ≤ 7

या अटी पाळून 5x + 4y जास्तीत जास्त करायचे. x आणि y शून्याहून कमी होऊ शकत नाहीत आणि ते पूर्णांक हवेत, कारण अर्धे कपाट कोणी विकत घेत नाही. अडचण आहे ती याच शेवटच्या अटीची. ती तात्पुरती बाजूला ठेवली तर उरते ते साधे रेषीय नियोजन, आणि ते झटकन सुटते. या सैल केलेल्या रूपालाच रिलॅक्सेशन म्हणतात. इथे त्याचे उत्तर येते अडीच कपाटे, सव्वादोन पलंग आणि साडेएकवीस हजार नफा.

गैरसमज: अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर आणला की काम झाले

अडीच आणि सव्वादोनच्या आसपास पूर्णांकांच्या चारच जोड्या आहेत. 3 कपाटे आणि 2 पलंग करायला गेले तर 13 शीट लागतात, आहेत 12. 2 कपाटे आणि 3 पलंग म्हटले तर कारागिराला 8 दिवस हवेत. 3 आणि 3 यांत शीटही कमी पडतात आणि दिवसही. उरते ती 2 कपाटे आणि 2 पलंगांची जोडी. ती जमते, नफा होतो 18 हजार.

पण 4 कपाटे केली आणि पलंग एकही नाही, तर बरोबर 12 शीट लागतात, कारागिराचे 4 दिवस जातात आणि हाती 20 हजार येतात. म्हणजे खरे उत्तर त्या चारही जोड्यांत नव्हतेच, ते बरेच लांब एका कोपऱ्यात बसले होते. दोन वस्तूंच्या हिशेबात ते नुसत्या नजरेने सापडते. हजारो चलांच्या हिशेबात, जिथे बरीचशी चले ‘करायचे की नाही’ अशी फक्त 0 किंवा 1 असतात, तिथे 0.5 चे काय करायचे हे कोणी सांगू शकत नाही.

गैरसमज: नवी अट घातली की काही चालण्याजोगी उत्तरे हातची जाणारच

हा समज सगळ्यांत चिवट, आणि तो स्वाभाविकही आहे. अट म्हणजे बंधन, आणि बंधन वाढले की पर्याय कमी होणार, असेच कोणालाही वाटेल. पण इथे बारकाईने पाहायला हवे.

वरच्या दोन्ही अटींची बेरीज करू: 4x + 4y ≤ 19. शीट आणि दिवस यांची बेरीज कशी करता, असा प्रश्न कोणी विचारील. पण इथे वस्तूंची बेरीज होत नाही, दोन खऱ्या विधानांची होते. दोन्ही असमानता खऱ्या असतील तर त्यांची बेरीजही खरी असते. आता 4 ने भागू: x + y ≤ 4.75. इथपर्यंत नवे काहीच घडलेले नाही. सैल रूपातले प्रत्येक उत्तर ही अट आपसूकच पाळते. अडीच आणि सव्वादोनची बेरीजही बरोबर पावणेपाच येते.

खरी युक्ती पुढच्या पायरीत आहे. x आणि y पूर्णांक असतील तर त्यांची बेरीजही पूर्णांकच असणार, आणि पावणेपाचच्या वर न जाणारा पूर्णांक 4 च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून

x + y ≤ 4

ही अट प्रत्येक पूर्णांक उत्तर आधीपासूनच पाळत होते, आपण ती फक्त लिहून काढली. चार आणि पावणेपाच यांच्यामधला जो पट्टा तिने छाटला, त्यात एकही पूर्णांक बिंदू नव्हता. अशा अटीला कट म्हणतात. कागदावर तिची रेषा आखली की ती सैल प्रदेशाचा एक कोपरा कापून टाकते, म्हणून हे नाव.

पडताळा घ्यायचा असेल तर आलेख कागद घ्यावा. मूळ दोन अटींत बसणारे पूर्णांक बिंदू मोजले तर x = 0 ला चार, 1 ला चार, 2 ला तीन, 3 ला दोन आणि 4 ला एक, असे एकूण 14 भरतात. x + y = 4 ही रेषा आखून पुन्हा मोजावेत. 14 च भरतात. मात्र अडीच-सव्वादोनचा टोकाचा बिंदू बाहेर पडलेला असतो. आता तेच सैल गणित नव्या अटीसह सोडवले की उत्तर थेट 4 कपाटे, 0 पलंग, 20 हजार असे येते. सैल रूपाचेच कमाल उत्तर पूर्णांक निघाल्यामुळे याहून चांगले पूर्णांक उत्तर असू शकत नाही, हेही त्यातच सिद्ध होते.

गैरसमज: मग अशा सगळ्या अटी आधी शोधून काढाव्या लागतात

कट घातल्यानंतर आपल्या आकृतीचे कोपरे पाहिले तर तीन पूर्णांक आहेत, पण चौथा आहे 0 कपाटे आणि साडेतीन पलंग. तो अजून अपूर्णांकच आहे. दुसरी अट दोनाने भागून आणि तशीच खाली उतरवून y ≤ 3 हा कट मिळतो, आणि तो कोपराही जातो. पण त्याची गरजच पडली नाही. नफा जिथे सर्वाधिक आहे त्या बाजूची छाटणी झाली की पुरते.

हे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा दिसले ते 1954 मध्ये, अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये. जॉर्ज डँट्झिग, रे फल्कर्सन आणि सेल्मर जॉन्सन यांनी 49 शहरांतून जाणारी सर्वांत छोटी फेरी शोधायला घेतली. तेव्हाच्या 48 राज्यांतले प्रत्येकी एक शहर आणि वॉशिंग्टन डी.सी. असा तो नकाशा. हिशेब त्यांनी 42 शहरांचा केला, कारण उरलेली 7 शहरे उत्तराच्या वाटेवरच होती. प्रत्येक शहराला दोन रस्ते जोडायचे एवढीच अट ठेवली, तर एका सलग फेरीऐवजी सुटी-सुटी वेटोळी तयार होतात. मग असे एक वेटोळे हेरायचे आणि अट घालायची की या शहरांच्या गटातून बाहेर जाणारे निदान दोन रस्ते हवेत. खरी फेरी ही अट पाळतेच, त्यामुळे एकही खरी फेरी बाद होत नाही, फक्त ते वेटोळे मोडते.

42 शहरांसाठी अशा शक्य अटींची संख्या 2 लाख कोटींहून अधिक होते. त्या सगळ्या लिहिणे कोणत्याही काळात शक्य नव्हते. या तिघांनी मोजक्याच अटी, त्याही दिसतील तशा एकेक घातल्या, आणि आपली फेरी सर्वांत छोटी असल्याचे सिद्ध केले. या लेखकाच्या मते कट या कल्पनेचे याहून स्वच्छ उदाहरण आजवर झालेले नाही.

पण त्यांचे कट माणसाच्या नजरेने सापडले होते. यंत्राला जमेल अशी कृती राल्फ गोमोरी यांनी दिली. 1957 मध्ये ते प्रिन्स्टनला होते आणि अमेरिकी नौदलाचे सल्लागारही होते. नौदलाच्या एका गणिताचे उत्तर 1.3 विमानवाहू नौका असे आले, आणि पूर्ण संख्येत उत्तर मिळाले तर बरे, असा शेरा तिथे कोणीतरी मारला. त्यातून गोमोरींची पद्धत निघाली आणि 1958 मध्ये ती छापून आली. सैल गणित सोडवल्यावर शेवटी जो तक्ता उरतो, त्याच्या अपूर्णांक असलेल्या ओळीतूनच नवा कट काढता येतो आणि योग्य रीतीने चालवल्यास ही कृती कधीतरी संपतेच, हे त्यांनी दाखवले. आपल्या कारखान्यात कपाटांच्या ओळीवर ती चालवली तर पहिला कट 2x + 2y ≤ 9 असा मिळतो. तो दोनाने भागून खाली उतरवला की तोच x + y ≤ 4.

गैरसमज: कट बिनचूकच असतो, म्हणून जितके जास्त तितके चांगले

कागदावर कट बिनचूक असतो. संगणकात मात्र आकडे ठरावीक अंकांपुरतेच साठवले जातात, आणि धोका तिथे आहे. समजा, एखाद्या गणितात उजवी बाजू खरोखर 4 आहे, पण भागाकारांच्या लांबलचक साखळीनंतर ती 3.9999999 अशी साठली. ती खाली उतरवली की 3 होते. आपल्या कारखान्यात x + y ≤ 3 अशी अट चुकून शिरली, तर 20, 19, 18 आणि 17 हजार देणारे चारही बिंदू पुसले जातील आणि संगणक 15 हजार हेच सर्वोत्तम उत्तर म्हणून देईल. कुठेही त्रुटीचा संदेश येणार नाही.

हे ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे आधीपासून माहीत असलेले एक चांगले पूर्णांक उत्तर जवळ ठेवणे आणि प्रत्येक नवा कट त्यावर तपासणे. ते उत्तर कट पाळत नसेल तर कट चुकीचा. शिवाय ज्या ओळीचा अपूर्णांक भाग 0 किंवा 1 ला फार चिकटलेला असतो, तिच्यातून सॉफ्टवेअर कटच काढत नाही.

अचूकतेखेरीज वेगाचाही प्रश्न आहे. एकामागून एक कट घालत गेले की नंतरचे कट एकमेकांना जवळजवळ समांतर होतात, प्रत्येकाने थोडेसेच छाटले जाते आणि गणिताचा पसारा मात्र वाढत जातो. गोमोरींची पद्धत त्यामुळेच कित्येक वर्षे व्यवहारात निरुपयोगी मानली गेली. 1996 मध्ये एगॉन बालास, सेबास्टियन सेरिया, जेरार कॉर्नुएजोल आणि नटराज यांनी तिला पुन्हा हात घातला. एकेक कट घालण्याऐवजी त्यांनी एका फेरीत बरेच कट एकदम घातले, आणि छाटणी मंदावली की गणिताच्या शाखा केल्या. उदाहरणार्थ x जर 2.5 असेल तर एका शाखेत x ≤ 2 आणि दुसरीत x ≥ 3. या दोन शाखांच्या मधल्या फटीतही एकही पूर्णांक नसतो. कट आणि शाखा यांची ही जोडी ब्रँच अँड कट या नावाने ओळखली जाते.

कटांचा वाटा किती, हे रॉबर्ट बिक्सबी आणि सहकाऱ्यांनी सीप्लेक्स या सॉफ्टवेअरची 8.0 ही आवृत्ती घेऊन तपासले. इतर सगळे तसेच ठेवून फक्त कट बंद केले, तेव्हा त्यांच्या चाचणीतली गणिते सुटायला सरासरी 50 पटींहून जास्त वेळ लागला.