77 आकडे देऊनही फसणारे सुडोकू

सुडोकूच्या 81 घरांपैकी 77 घरांत आकडे भरलेले असले, तरी कोड्याची दोन उत्तरे निघू शकतात. समजा, पूर्ण भरलेल्या सुडोकूत पहिल्या आडव्या ओळीत पहिल्या घरात 3 आणि चौथ्या घरात 7 आहे. दुसऱ्या ओळीत नेमके त्याच जागी 7 आणि 3 आहेत. ही चार घरे पुसली की 3 आणि 7 ची अदलाबदल करूनही सुडोकू बरोबरच राहते, कारण दोन्ही ओळी, दोन्ही उभे रकाने आणि 3×3 चे दोन्ही चौकोन यांत तेच आकडे राहतात. सोडवणाऱ्याने कितीही डोके लावले तरी यातले कोणते उत्तर छापले जाणार हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून या चारांपैकी निदान एक आकडा द्यावाच लागतो.

कोडी तयार करणारा प्रोग्राम आधी पूर्ण उत्तर भरतो आणि मग एकेक आकडा पुसत जातो. नुसते मनाला येईल तसे 50-55 आकडे पुसले, तर अशी एखादी चौकडी, किंवा तिच्याहून मोठा अदलाबदलीचा गट, सहज मोकळा होतो. म्हणून प्रत्येक आकडा पुसल्यावर सोल्व्हर चालवावा लागतो. चूक होते ती इथेच. साधा सोल्व्हर पहिले उत्तर सापडताच थांबतो. पण मूळ उत्तर तर हमखास असतेच. ते सापडले एवढ्यावरून दुसरे नाही, असे ठरत नाही.

उत्तरे मोजणारा सोल्व्हर पहिले उत्तर मिळाल्यावरही मागे फिरतो आणि न पाहिलेल्या वाटा धुंडाळतो. रिकाम्या घरांपैकी जिथे सर्वांत कमी आकडे बसू शकतात ते घर तो आधी घेतो. त्यामुळे बऱ्याच वाटा लवकर बंद होतात. मोजणी दोनवर पोचली की थांबायचे. पुढे उत्तरे तीन आहेत की तीन हजार, याने निर्णय बदलत नाही. उलट जवळजवळ रिकाम्या कोड्यात सगळी मोजायला गेले, तर काम संपणारच नाही.

मोजणी दोन आली तर पुसलेला आकडा परत ठेवायचा. त्या घराकडे पुन्हा वळावे लागत नाही, कारण आणखी आकडे पुसल्याने उत्तरे वाढतात किंवा तेवढीच राहतात, कमी कधीच होत नाहीत. याप्रमाणे 81 घरांतून एक फेरी झाली की उरलेल्यांपैकी कोणताही आकडा पुसला तर उत्तरे एकाहून अधिक होतात. अशा कोड्यात बहुधा 22 ते 26 आकडे राहतात.

17 च्या खाली मात्र कोणालाच जाता येत नाही. 16 आकड्यांचे एकच उत्तर असलेले सुडोकू अस्तित्वात नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने 2012 मध्ये संगणकावर सर्व शक्यता तपासून दाखवले.