चौकोनात लिहिलेला पासवर्ड

हॉटेलच्या गल्ल्याजवळ, होमस्टेच्या दारामागे, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात आता एक छापील चौकोन हमखास दिसतो. फोनचा कॅमेरा त्यावर धरायचा, पडद्यावर नेटवर्कचे नाव येते, त्यावर बोट टेकवायचे आणि वाय-फाय सुरू. पासवर्ड विचारायला नको, की 'कॅपिटल ए की स्मॉल' असा खुलासा नको. हे इतके सहज घडते, की या चौकोनात काहीतरी गुप्त किल्ली दडलेली असावी असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथे दडवलेले काहीच नसते. नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड त्या काळ्या-पांढऱ्या घरांत सरळ सरळ लिहिलेले असतात.

क्यूआर कोड हा मूळचा जपानचा. डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ साली तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्यात कोणताही मजकूर बसतो. मजकुराचा अर्थ लावणे हे वाचणाऱ्या यंत्राचे काम. सुरुवातीची अक्षरे पाहून फोन पुढे काय करायचे ते ठरवतो. दुकानातल्या यूपीआयच्या कोडचा मजकूर `upi://pay` असा सुरू होतो, तर वाय-फायचा `WIFI:` असा. म्हणूनच वाय-फायचा कोड पैसे भरण्याच्या ॲपसमोर धरला, तर ते ॲप त्याला ओळख दाखवत नाही.

वाय-फायचा मजकूर कसा लिहायचा, याची रीत झेडक्रॉसिंग या मुक्त स्रोत प्रकल्पामुळे रूढ झाली. आयफोनच्या कॅमेऱ्याला हे कोड २०१७ मध्ये आयओएस ११ पासून वाचता येऊ लागले. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये असा कोड वाचण्याची आणि दाखवण्याचीही सोय फोनच्या सेटिंगमध्येच आली. जोडलेल्या नेटवर्कच्या पानावर 'शेअर' दाबले, की फोन आधी बोटाचा ठसा किंवा पिन मागतो आणि मग कोड पडद्यावर उमटवतो. कित्येक फोनवर त्याच्याखाली पासवर्डही अक्षरांत छापलेला दिसतो. ठसा कशासाठी मागितला, ते तिथे लगेच कळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोकणातल्या एका होमस्टेने नेटवर्कचे नाव `Aangan` ठेवले आणि पासवर्ड `Hapus;Devgad24` असा. कोड करताना मजकूर असा लिहिला:

```
WIFI:T:WPA;S:Aangan;P:Hapus;Devgad24;;
```

`T` म्हणजे सुरक्षेचा प्रकार, `S` म्हणजे नाव, `P` म्हणजे पासवर्ड. प्रत्येक भाग अर्धविरामाने संपतो आणि शेवटी आणखी एक अर्धविराम येतो. गोची नेमकी इथेच आहे. पासवर्डातच अर्धविराम असल्यामुळे फोन `Hapus` पाशी थांबतो आणि पासवर्ड संपला असे धरतो. पुढचे `Devgad24` त्याच्या लेखी निरर्थक. डब्ल्यूपीए पद्धतीत पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, हा तर पाचच अक्षरांचा झाला. कोड व्यवस्थित वाचला जातो, नावही दिसते, पण जोडणी काही होत नाही. पाहुणा म्हणतो फोन बिघडला, यजमान म्हणतो राउटर. उपाय एवढाच, की पासवर्डातल्या अर्धविरामाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची:

```
WIFI:T:WPA;S:Aangan;P:Hapus\;Devgad24;;
```

स्वल्पविराम, अपूर्णविराम, अवतरणचिन्ह आणि खुद्द उलटी रेघ यांनाही हाच नियम. कोड तयार करणारी चांगली साधने ही रेघ आपणहून घालतात, पण सगळीच घालत नाहीत. शंका आली तर कोडमधला कच्चा मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या स्कॅनर ॲपने तो वाचून पाहावा. चूक तिथे डोळ्यांना दिसते.

दुसरी चूक नावाची. `Aangan` ऐवजी `aangan` लिहिले, तर फोनच्या दृष्टीने ते वेगळेच नेटवर्क आहे आणि ते त्याला सापडत नाही. शिवाय नावाचे काम निव्वळ शोधण्यापुरते नाही. डब्ल्यूपीए२ पद्धतीत फोन पासवर्ड आणि नाव एकत्र करून ४०९६ फेऱ्यांच्या गणितातून २५६ बिटांची किल्ली बनवतो. राउटरकडेही तशीच किल्ली असते आणि ती आपल्याकडे आहे हे दोघे एकमेकांना पटवून देतात. पासवर्ड हवेतून जातच नाही. स्कॅन केल्यावरही हेच सगळे घडते. कोडने वाचतो तो फक्त टंकण्याचा त्रास. राउटरने नाव लपवून ठेवले असेल, तर मजकुरात `H:true;` हा भागही लागतो, नाहीतर फोन त्या नावाची हाक घालत नाही.

छपाईचाही एक हिशेब आहे. वरचा दुरुस्त मजकूर ३९ अक्षरांचा आहे. क्यूआर कोडमध्ये खराब झालेला भाग भरून काढण्याच्या चार पातळ्या असतात. मध्यम पातळीवर सुमारे १५ टक्के नुकसान भरून निघते आणि हा मजकूर २९ बाय २९ घरांत मावतो. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के नुकसान चालते, पण घरे ३७ बाय ३७ होतात. म्हणजे त्याच आकाराच्या कागदावर प्रत्येक घर बारीक होते आणि लांबून वाचणे अवघड जाते. चहाचे डाग पडणाऱ्या टेबलावर वरची पातळी बरी, भिंतीवरच्या फलकाला मध्यम पुरते. चारही बाजूंना चार घरांएवढी कोरी जागा मात्र सोडावीच लागते. सजावटीची वेलबुट्टी कोडला चिकटली, तर कोड धडधाकट असूनही कॅमेऱ्याला त्याची कड सापडत नाही.

आता सुरक्षेचा प्रश्न. या कोडचा फोटो म्हणजे पासवर्डच. तो व्हॉट्सॲपवर फिरला, होमस्टेच्या जाहिरातीतल्या छायाचित्रात मागे दिसला, तरी कोणीही तो वाचू शकतो. उलट बाजूने, खऱ्या कोडवर दुसऱ्याच नेटवर्कचा कोड चिकटवून पाहुण्यांना तिकडे वळवताही येते. म्हणून जोडण्याआधी पडद्यावर आलेले नाव वाचणे आणि कागदावर दुसरा कागद डकवलेला नाही ना, हे पाहणे गरजेचे. वाय-फाय अलायन्सने २०१८ साली 'ईझी कनेक्ट' ही वेगळी पद्धत आणली. तिच्या `DPP:` ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये पासवर्ड नसतोच. उपकरणाची सार्वजनिक किल्ली असते. पण त्यासाठी दोन्हीकडच्या यंत्रांना ती पद्धत यावी लागते. त्यामुळे भिंतींवर आजही साधाच कोड दिसतो.

साध्या कोडवर भागवायचे, तर राउटरमधले पाहुण्यांसाठीचे स्वतंत्र नेटवर्क चालू करून कोड त्याचाच लावावा, म्हणजे घरचा संगणक आणि कॅमेरे त्यापासून अलग राहतात. पासवर्ड फारसा कुणाला टंकावा लागणार नसल्याने तो २० अक्षरांचा, अर्थहीन ठेवायला हरकत नाही. फक्त त्यात इंग्रजी अक्षरे आणि आकडेच असावेत, म्हणजे उलट्या रेघेची भानगडच राहत नाही. टीव्ही किंवा जुन्या लॅपटॉपला कोड वाचता येत नाही. त्यांच्यासाठी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात ठेवावा. पासवर्ड बदलला, की जुना कागद बाद होतो. नवा कोड छापल्यावर तपासताना एक काळजी घ्यावी: फोनमध्ये नवा पासवर्ड आधीच साठवलेला असेल, तर कोड चुकलेला असूनही फोन जोडला जाऊ शकतो. आधी फोनमधून ते नेटवर्क 'विसरायला' लावून मग स्कॅन करावे, आणि जमल्यास एक अँड्रॉइड व एक आयफोन अशा दोन्हींवर करून पाहावे.