दोनशे मीटर म्हणजे नक्की किती? पालकांना एक पत्र



या वर्षी प्रगतिपुस्तकात क्रीडा विषयाच्या रकान्यात श्रेणीसोबत धावण्याची वेळ आणि ताशी वेगही लिहिला आहे. पालकसभेत त्यावरून तीन शंका निघाल्या. बाहेरच्या लेनमधल्या मुलांना पुढे उभं करून सूट का दिली? एका मुलाच्या मनगटावरच्या घड्याळाने आपल्या फेरीचं अंतर वेगळंच दाखवलं, ते कसं? आणि मुलगी ६० मीटर जीव तोडून धावली, तरी तिचा वेग २०० मीटरच्या वेगाएवढाच कसा? सभेत पाच मिनिटांत सांगून भागलं नसतं, म्हणून हे पत्र.

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, हे पाचवीतलं मूलही सांगेल. अडचण भागाकारात नसते, त्याआधीच्या दोन आकड्यांत असते. त्यातही अंतराचा आकडा आपण डोळे मिटून खरा मानतो. ट्रॅक २०० मीटरचा म्हटला की तो २०० मीटरचाच!

आपलं मैदान साधारण ९५ बाय ५२ मीटर आहे. त्यात दोन सरळ बाजू ४०-४० मीटरच्या आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं, असा ट्रॅक बसतो. सरळ बाजूंचे ८० मीटर गेले की वळणांसाठी १२० उरतात. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं, तेव्हा त्याचा परीघ १२० मीटर हवा. १२० ला ‘पाय’च्या दुपटीने भागलं की त्रिज्या येते १९.१० मीटर. आता फक्की घेऊन १९.१० मीटरवर रेषा मारली, तर ट्रॅक चुकला. कारण कोणतंही मूल रेषेवर धावत नाही, तिच्या थोडं बाहेरून धावतं. म्हणून नियम असा, की आतल्या बाजूला उंच कठडा नसेल, नुसती रेषा असेल, तर अंतर त्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर मोजायचं. कठडा असेल तर पाय आणखी लांब पडतात, म्हणून तिथे ३० सेंटीमीटर. आपल्याकडे फक्कीची रेषा आहे. तेव्हा धाव १९.१० मीटर त्रिज्येवर होणार आणि रेषा १८.९० मीटरवर पडणार.

वीस सेंटीमीटरने असं काय बिघडतं, असं वाटेल. पण वर्तुळात त्रिज्या एक सेंटीमीटरने वाढली की परीघ सव्वासहा सेंटीमीटरने वाढतो. वीस सेंटीमीटरचे होतात १ मीटर २६ सेंटीमीटर, तेही एका फेरीत. बऱ्याच मैदानांवर टेप थेट रेषेवर ठेवून २०० मीटर जुळवलेले असतात. तिथे मुलं प्रत्यक्षात २०१.२६ मीटर धावतात आणि ८०० मीटरच्या शर्यतीत पाच मीटर जादा. वेळ वाईट येते आणि बोल मुलांना लागतो.

म्हणून आखणीचा बहुतेक वेळ त्रिज्या सांभाळण्यात गेला. आधी ४० मीटर लांब आणि ३७.८० मीटर रुंद असा आयत ठोकला. काटकोनासाठी एका बाजूवर ६ मीटर, दुसरीवर ८ मीटर खुणा केल्या. त्यांच्यामधलं अंतर बरोबर १० मीटर आलं की कोपरा काटकोनात असतो. मग आयताचे दोन्ही कर्ण मोजले. ते दोन्ही ५५.०३ मीटर यायला हवेत. एक कर्ण मोठा आणि एक लहान आला, तर आयत तिरका झालेला असतो आणि वळणं सरळ बाजूंना नीट जुळत नाहीत. नंतर रुंदीच्या मध्यावर लोखंडी खुंटी ठोकून तिच्याभोवती १८.९० मीटरची तार फिरवली. सुतळी किंवा नायलॉनची दोरी यासाठी वापरत नाहीत. ती ताणली की वाढते, आणि दहा सेंटीमीटर वाढली तर फेरीत ६३ सेंटीमीटरचा फरक पडतो. कापडी टेप टाळून स्टीलचा घेतला, तोही याच कारणाने. उन्हाने स्टीलही वाढतं, पण वीस अंश तापमान चढलं तरी ३० मीटरच्या टेपमागे सातेक मिलिमीटर. ते सोडून द्यायला हरकत नाही.

फक्कीची पट्टी ५ सेंटीमीटर रुंद असते. ती तारेच्या खुणेच्या आत मारायची. बाहेर मारली तर मूल आणखी पाच सेंटीमीटर बाहेर ढकललं जातं आणि फेरी ३१ सेंटीमीटरने लांबते. शेवटी २० सेंटीमीटर बाहेरच्या कमानीवर खुंट्या रोवून टेपने पडताळा घेतला. प्रत्येक वळण ६० मीटर भरायला हवं, ते भरलं.

आता सुटीची शंका. आपली लेन १.२२ मीटर रुंद आहे. दुसऱ्या लेनमधलं मूल पहिल्यापेक्षा १.२२ मीटर मोठ्या त्रिज्येवर धावतं. वरचाच हिशेब लावला, तर पूर्ण फेरीत त्याला ७.६७ मीटर जास्त पडतात. तिसऱ्या लेनला १५.३३ आणि चौथ्या लेनला २३ मीटर. शेवटची रेषा सगळ्यांना एकच असल्यामुळे हा फरक सुरुवातीलाच काढून टाकावा लागतो. चौथ्या लेनमधला मुलगा २३ मीटर पुढे उभा दिसला की पालकांच्या भुवया उंचावतात, हे मीही दरवर्षी पाहते. पण ती सूट नाही. त्याला तिथे उभं केलं नाही, तर तो २२३ मीटर धावेल. गंमत म्हणजे मैदान लहान असो वा मोठं, ७.६७ हा आकडा बदलत नाही. तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. अडचण इतकीच, की हे अंतर त्या-त्या लेनच्या वळणावरून मोजावं लागतं. वळणावर टेप सरळ ताणला की तो आडवाटेने जातो आणि खूण चुकते.

मनगटावरच्या घड्याळाचंही उत्तर इथेच मिळतं. ते उपग्रहांच्या संकेतांवरून ठरावीक वेळाने आपली जागा टिपतं आणि ते ठिपके जोडून अंतर काढतं. मोकळ्या आकाशाखालीही प्रत्येक ठिपका काही मीटर इकडेतिकडे पडू शकतो. शिवाय १९ मीटर त्रिज्येचं वळण ठिपके जोडताना कापलं जातं. लांब रस्त्यावर धावायला ते घड्याळ चांगलं, पण शाळेच्या ट्रॅकच्या फेरीला नाही.

अंतर झालं, आता वेळ. आपण सुरुवातीला लाकडी क्लॅपर वापरतो. त्याच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटताना दिसल्या की वेळ घेणाऱ्याने स्टॉपवॉच दाबायचं, आवाजाची वाट पाहायची नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ६० मीटरच्या शर्यतीत वेळ घेणारा शेवटच्या रेषेजवळ उभा असतो आणि त्याच्यापर्यंत आवाज पोचायला ०.१७ सेकंद लागतात. तेवढी वेळ कमी नोंदली जाते आणि मूल फुकटात वेगवान ठरतं. म्हणूनच नुसत्या शिट्टीवर घेतलेल्या वेळा आपण प्रगतिपुस्तकात लिहीत नाही. शेवटी छातीचा भाग रेषेच्या अलीकडच्या कडेला आला की घड्याळ थांबवायचं. पुढे आलेला हात किंवा पाय धरायचा नाही.

सातवीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. तिच्या २०० मीटरला तीन घड्याळं होती. त्यांनी ३४.५२, ३४.६१ आणि ३४.८८ सेकंद दाखवले. हाताने घेतलेली वेळ नेहमी वरच्या दशांशात घेतात, म्हणून त्या झाल्या ३४.६, ३४.७ आणि ३४.९. तिन्ही वेगळ्या असतील तर मधली धरतात, म्हणून ३४.७. इथे सरासरी काढत नाहीत, कारण एकाचं बोट घसरलं तर ती चूक सरासरीत शिरते. मधल्या वेळेला मात्र तिचा धक्का लागत नाही.

२०० भागिले ३४.७ म्हणजे सेकंदाला ५.७६ मीटर. तासाला ३,६०० सेकंद आणि किलोमीटरला १,००० मीटर, म्हणून ३.६ ने गुणलं की ताशी २०.७ किलोमीटर. कॅल्क्युलेटर पुढे २०.७४९ असंही दाखवतो, पण ते लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक. हाताच्या वेळेत ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ती धरली तर वेग २०.६ ते २०.९ च्या दरम्यान कुठेही असू शकतो.

हीच मुलगी ६० मीटर १०.४ सेकंदांत धावली. वेग आला ताशी २०.८ किलोमीटर. इथे तेवढीच ०.२ सेकंदाची चूक धरली, तर वेग २०.४ ते २१.२ यांच्यामध्ये झुलतो. शर्यत जितकी छोटी, तितकी बोटाची चूक मोठी.

दोन्ही वेग जवळपास सारखे का, हे आता सांगते. आपण काढतो तो सरासरी वेग. एसटी ताशी ६० ने धावली तरी थांबे धरून सरासरी ३५ च येते, तसंच हे. जागेवरून सुटून पूर्ण वेग पकडायला काही सेकंद जातात आणि ६० मीटरमध्ये त्यांचा वाटा मोठा असतो. २०० मीटरमध्ये तो वाटा कमी, पण शेवटी दमछाक असते. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. त्याची सरासरी ताशी ३७.६ किलोमीटर होती. पहिल्या २० मीटरना त्याला २.८९ सेकंद लागले, म्हणजे तिथे सरासरी ताशी २५ च्या आत. ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात मात्र तो ताशी ४४.७ ने धावत होता. तेव्हा प्रगतिपुस्तकातला आकडा म्हणजे मुलीचा सर्वाधिक वेग नव्हे. तो हवा असेल तर मधल्या २० मीटरची वेगळी वेळ घ्यावी लागेल, आणि एवढ्या छोट्या अंतराला हातातलं स्टॉपवॉच पुरत नाही.

आणखी एक सूचना, घरी हिशेब करणाऱ्यांसाठी. ४०० मीटरची वेळ १ मिनिट २० सेकंद असेल, तर वहीत ती पुष्कळदा ‘१.२०’ अशी लिहिली जाते. कॅल्क्युलेटरला ते १.२ मिनिटं, म्हणजे ७२ सेकंद वाटतात. वेग येतो ताशी २०. खरे सेकंद ८० आणि खरा वेग १८. आधी सगळ्याचे सेकंद करा, मगच भागा.

आकड्यांची तुलना करायचीच असेल, तर त्याच मुलाच्या, त्याच अंतराच्या, याच ट्रॅकवरच्या आधीच्या वेळेशी करा. ६० मीटरचा वेग २०० मीटरशी ताडू नका आणि विजेच्या घड्याळावर मोजलेल्या राज्यस्पर्धेच्या वेळांशी तर मुळीच नको. हाताची वेळ बहुधा थोडी कमीच येते. म्हणूनच छोट्या शर्यतींच्या हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून मगच ती विजेच्या वेळेशी ताडण्याची पद्धत आहे.

पावसाने फक्की धुऊन गेली आहे. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता ट्रॅक पुन्हा आखायचा आहे. टेपची दोन टोकं धरायला आणि तीन स्टॉपवॉच सांभाळायला माणसं हवीत. ज्यांना शंका आहेत, त्यांनी आवर्जून यावं.

आपली,
क्रीडाशिक्षिका