सख्ख्या भावाचं जुळत नाही, मग जुळतं कुणाचं? बोन मॅरोच्या ‘एचएलए’ तपासणीचा हिशोब

थॅलेसेमिया मेजर असलेल्या लेकराला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात हेलपाटे मारून आई-वडील थकतात. मग एखादे दिवशी डॉक्टर बोन मॅरो बदलण्याचा विषय काढतात आणि म्हणतात, “घरातल्या सगळ्यांची एचएलए तपासणी करून घ्या.” इथूनच गोंधळ सुरू होतो. “भावाचा रक्तगट तर एकच आहे, मग तपासणी कशाला?” “आई-बापाचं जुळणार नाही म्हणता, मग त्यांचं रक्त का घेता?” “दोघा पोरांचं जुळलं नाही, आता तिसऱ्याचं काय जुळणार?” तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे.

आधी रक्तगटाचं. ए, बी, एबी, ओ हा रक्तगट लाल पेशींवरची खूण असतो. एचएलए ही खूण वेगळी. ती शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशींवर असते आणि ‘ही पेशी आपली की परकी’ हे शरीर तिच्यावरून ओळखतं. बोन मॅरो म्हणजे हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं. तो बदलला की नव्या मगजातून तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी दात्याच्या असतात. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. खुणा जुळत नसतील तर हे नवे राखणदार पेशंटच्या अंगालाच परकं समजतात आणि कातडी, आतडी, यकृत यांच्यावर उलटतात. हा त्रास जिवावर बेतू शकतो. रक्तगट वेगळा असला तरी मात्र बोन मॅरो देता येतो. त्यासाठी डॉक्टरांना थोडी जास्त काळजी घ्यावी लागते, इतकंच. बदलानंतर पेशंटचा रक्तगट हळूहळू दात्यासारखा होतो. किडनीचं गणित निराळं आहे. तिथे रक्तगट आधी बघतात, आणि एचएलए थोडं कमी जुळलं तरी औषधांवर निभावतं. बोन मॅरोला ती सवलत फार कमी.

खुणा सुट्ट्या येत नाहीत, जुडीने येतात

एचएलए ही एक खूण नाही. ए, बी, सी, डीआरबी1, डीक्यूबी1 अशा बऱ्याच खुणा आहेत आणि प्रत्येकीचे शेकड्यांनी, काहींचे हजारांनी प्रकार आहेत. म्हणूनच परक्या माणसाशी सगळं जुळणं इतकं अवघड. पण या सगळ्या खुणांची जनुकं सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असतात. बाजारात मेथी घेताना कुणी एकेक पान निवडून घेत नाही, बांधलेली जुडीच पिशवीत पडते. इथेही तसंच होतं. एका गुणसूत्रावरच्या सगळ्या खुणा मिळून एक जुडी होते. डॉक्टर तिला हॅप्लोटाइप म्हणतात.

प्रत्येक माणसाजवळ अशा दोन जुड्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. आपल्या लेकराला देताना तो दोनपैकी एकच देतो. कोणती द्यायची हे कुणाच्या हातात नसतं. प्रत्येक गरोदरपणात ते नव्याने ठरतं, नाणं उडवल्यासारखं.

आता एक घर समजून चाला. वडिलांच्या पहिल्या जुडीत A*33, B*44, DRB1*07 या खुणा आहेत. त्यांच्या दुसऱ्या जुडीत A*24, B*40, DRB1*15. आईच्या पहिल्या जुडीत A*26, B*08, DRB1*03 आणि दुसरीत A*11, B*35, DRB1*14. रिपोर्टवर खुणा अशाच आकड्यांनी लिहिलेल्या असतात. बारीक तपासणी असेल तर पुढे A*33:03 असे आणखी आकडे येतात.

या घरात चार मुलं. सात वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर. तिच्याकडे वडिलांची पहिली आणि आईची दुसरी जुडी आलेली आहे. अकरा वर्षांच्या थोरल्या भावाकडे वडिलांची पहिली आणि आईचीही पहिली. म्हणजे वडिलांकडची बाजू बहिणीसारखी, आईकडची वेगळी. हा अर्धा जुळला. पाच वर्षांच्या बहिणीकडे वडिलांची दुसरी आणि आईची पहिली. दोन्ही बाजू वेगळ्या, काहीच जुळलं नाही. गंमत म्हणजे गावात सगळे या दोघी बहिणींना ‘एका साच्यातल्या’ म्हणतात आणि दोघींचा रक्तगटही एकच आहे. चेहरा, रंग आणि रक्तगट यांची जनुकं वेगळी असतात. एचएलएशी त्यांचा संबंध नाही.

राहिला दीड वर्षाचा शेंडेफळ. त्याची तपासणी करायला घरचे तयार नसतात. एक तर पोर लहान, त्यात दोघांचं जुळलं नाही म्हणून मन खचलेलं. तपासणी झाली तेव्हा कळलं की त्याच्याकडे वडिलांची पहिली आणि आईची दुसरी जुडी आहे. बहिणीशी पूर्ण जुळणारा तोच.

चारात एक कसं?

बापाच्या दोन जुड्या, आईच्या दोन. त्यांच्या जोड्या होतात चारच. पेशंटकडे त्यातली एक जोडी असते. दुसऱ्या भावंडाला नेमकी तीच जोडी येण्याची शक्यता चारात एक, म्हणजे 25 टक्के. एकच बाजू सारखी असलेल्या जोड्या दोन, म्हणून अर्धं जुळण्याची शक्यता 50 टक्के. आणि काहीच न जुळण्याची उरलेली 25 टक्के.

इथे बहुतेकांची फसगत होते. चारात एक म्हणजे चार भावंडं असली की एकाचं जुळणारच, असं नाही. नाण्याला मागचा डाव आठवत नाही. प्रत्येक भावंडासाठी शक्यता पुन्हा तीच, चारात एक. पेशंटला एक भावंड असेल तर जुळण्याची शक्यता 25 टक्के, दोन असतील तर निदान एकाचं जुळण्याची सुमारे 44 टक्के, तीन असतील तर 58 टक्क्यांच्या आसपास, चार असतील तर 68. म्हणजे चार भावंडं असलेल्या दर तीन घरांपैकी जवळपास एका घरात कुणाचंच जुळत नाही. आणि दोघांचं जुळलं नाही म्हणून तिसऱ्याची शक्यता घटतही नाही. वरच्या घरातल्या शेंडेफळाची शक्यता, थोरल्यांचे रिपोर्ट येण्याआधी आणि आल्यानंतरही, 25 टक्केच होती.

जुळलं नाही की बऱ्याच घरांत बोल सुनेला लागतो. त्याला काडीचा आधार नाही. एक जुडी बापाचीही असते.

आई-वडिलांचं रक्त कशाला?

आई-बाप आपल्या लेकराशी सहसा अर्धेच जुळतात, कारण लेकराची दुसरी जुडी जोडीदाराकडून आलेली असते. तरीही त्यांचे नमुने घेतात. कारण रिपोर्टवर खुणा नुसत्या शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. कोणती खूण कोणत्या जुडीतली हे त्यावरून दिसत नाही. आई-वडिलांचे रिपोर्ट बाजूला ठेवले की जुड्या सुट्या करता येतात. मग भावाशी जुळलेल्या खुणा खरंच त्याच जुडीतल्या आहेत की योगायोगाने सारख्या दिसतात, हे कळतं. अर्ध्या जुळलेल्या भावंडाच्या रिपोर्टवर 10 पैकी 5 ऐवजी कधी 6 जुळल्याचं दिसतं. ते अशा योगायोगामुळेच. पाच खुणा, प्रत्येकीच्या दोन प्रती, असे ते 10 होतात. पूर्ण जुळलं तर 10/10 लिहितात. काही लॅब आणखी एक खूण धरून 12/12 लिहितात.

कधीकधी जुडीच तुटते. लेकराकडे जाताना बापाच्या एका जुडीचा तुकडा दुसरीला जोडला जातो. ए आणि बी या खुणांमध्ये असं साधारण शंभरात एकदा होतं. मग रिपोर्टमध्ये A एका जुडीचा आणि बाकी सगळं दुसरीचं, असं दिसतं. आई-वडिलांचा रिपोर्ट नसेल तर ही लॅबची चूक की खरंच तुटलेली जुडी, हे सांगता येत नाही.

आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होतात. अशा घरात आजी-आजोबांची एकच जुडी नवरा-बायको दोघांकडेही आलेली असू शकते. समजा ती सामाईक जुडी मुलीला बापाकडून मिळाली आणि आईची दुसरी जुडी आईकडून. मग मुलीच्या दोन्ही जुड्या आईसारख्याच होतात आणि आईच पूर्ण जुळते. त्यामुळे लग्न नात्यातलं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं. मग ते काका, मामा, आत्या यांचीही तपासणी करायची का ते ठरवतात. याच लग्नांमुळे थॅलेसेमियाचं दोषी जनुक दोघांकडून एकत्र येण्याची भीतीही वाढते, हे खरं.

‘आणखी एक मूल होऊ द्या’

हा सल्ला नातेवाईक सहज देतात. हिशोब मात्र कुणी करत नाही. थॅलेसेमियाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि एचएलए सहाव्यावर. दोन्ही डाव वेगवेगळे चालतात. आई-बाप दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील तर होणारं बाळ मेजर नसण्याची शक्यता चारात तीन, आणि पेशंटशी पूर्ण जुळण्याची चारात एक. दोन्ही एकत्र जमण्याची शक्यता 16 पैकी 3, म्हणजे 19 टक्क्यांच्या आत. उलट चारात एक शक्यता अशी की नव्या बाळालाही मेजर असेल. म्हणून अशा घरात गरोदरपण राहिलं तर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना गाठून पोटातल्या बाळाची थॅलेसेमिया तपासणी करून घेणं गरजेचं असतं. जुळणारं भावंड मायनर निघालं तर मात्र अडत नाही. मायनर असलेलं भावंडही दाता होऊ शकतं.

तपासणीला थोडं रक्त किंवा गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो. उपाशीपोटी जायची गरज नाही. नमुना देताना नळीवरचं नाव आणि वय स्वतः वाचून बघावं, कारण चार भावंडांच्या नळ्यांची अदलाबदल झाली तर सगळा हिशोब चुकतो. म्हणूनच पूर्ण जुळल्याचा रिपोर्ट आला तरी बोन मॅरो बदलण्याआधी दाता आणि पेशंट दोघांचे नवे नमुने घेऊन पुन्हा तपासणी करतात. ही दुसरी तपासणी म्हणजे पैसे उकळण्याचा प्रकार आहे असं समजून टाळू नये.

पूर्ण जुळणारं भावंड मिळालं तर खर्चासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. तिच्या अटी आणि ठरलेले दवाखाने आधी विचारून घ्यावेत. घरात कुणीच जुळलं नाही तर दात्यांच्या नोंदवहीत परका दाता शोधतात, किंवा अर्ध्या जुळणाऱ्या आई-बापाकडून बोन मॅरो घेतात. तो मार्ग आता वापरात आहे, पण त्यात गुंतागुंत जास्त आणि त्याचा अनुभव असलेले दवाखाने मोजके. शेंडेफळासारखा दाता फारच लहान असेल तर त्याचं वजन आणि पेशंटचं वजन बघून डॉक्टर वेळ ठरवतात. मगज भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढतात. कापाकापी नसते, पाठीच्या कण्याला हात लागत नाही, आणि काढलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो.