घराशेजारी टॉवर : धोका नेमका कुणाला, किती?

गल्लीत कुणाच्या स्लॅबवर मोबाइल टॉवर उभा राहू लागला की भांडण ठरलेलं. ‘भाडं त्याला आणि कॅन्सर आम्हाला का?’ बेळगाव असो की बडोदा, प्रश्न हाच असतो. म्हणून आधी आकडा समजून घेऊ.

टॉवरच्या लहरी एक्स-रेसारख्या पेशींतला डीएनए तोडू शकत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला अपाय एकच, शरीर तापणं. ज्या पातळीला हा अपाय दिसू लागतो, तिचा पन्नासावा भाग सामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा धरला आहे. 900 मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला 4.5 वॅट येते. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून ती दहापट कडक करून 0.45 वर आणली. हिशेबाला हाच कडक आकडा घेऊ.

समजा अँटेनाला 20 वॅट मिळतात. ती लहरी एका दिशेला एकवटते, त्यामुळे अगदी समोर त्यांचा जोर 1000 वॅटसारखा भासतो. समोर 50 मीटरवर दर चौरस मीटरला साधारण 0.03 वॅट पोचतात, म्हणजे कडक मर्यादेच्याही चौदाव्या हिश्श्याच्या आसपास. पण 10 मीटरवर हाच आकडा 0.8 होतो आणि ती मर्यादा ओलांडतो! म्हणून पाहायचं ते अँटेनाचं तोंड. झोत बॅटरीसारखा समोर जातो, खाली फारच थोडा उतरतो. त्यामुळे टॉवरखालच्या घरापेक्षा समोरच्या इमारतीत अँटेनाच्याच उंचीवर, अगदी जवळ खिडकी असलेल्याने तक्रार करायला जास्त कारण आहे.

आता कॅन्सरचं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण तो निर्णय मुख्यतः मोबाइल कानाला लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर होता, टॉवरवर नव्हे. ब्रिटनमध्ये 2010 साली कॅन्सर झालेल्या 1397 लहान मुलांची तुलना साडेपाच हजारांहून जास्त इतर मुलांशी केली. गरोदरपणात आई टॉवरजवळ राहत होती का, हे तपासलं. संबंध आढळला नाही. डोकेदुखी, झोप न येणं या तक्रारी खऱ्या असतात. पण प्रयोगात लहरी चालू आहेत की बंद, हे तक्रार करणाऱ्यांना ओळखता आलं नाही. मात्र अनेक दशकांच्या संपर्काबद्दल अभ्यास अजून थोडे आहेत, हेही खरं.

गंमत अशी की टॉवर लांब गेला, रेंज कमी झाली की कानाजवळचा फोनच जास्त जोर लावतो. टॉवर हटवून डोक्याजवळचा डोस उलट वाढू शकतो.

तरीही खिडकीसमोर अँटेना असेल तर दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल कुठल्याही राज्यातून उघडता येतं. तिथे जवळच्या टॉवरची माहिती दिसते, आणि शुल्क भरून आपल्या घराजवळची मोजणीही मागता येते. मोजणी मागताना खिडकी कुठे आहे आणि अँटेनाचं तोंड कुठे, हे नक्की लिहा. मोजणारा माणूस गच्चीवर किंवा रस्त्यावर मोजून गेला तर खिडकीतला आकडा कळणारच नाही.